वाचनालयातलं व्याख्यान, अर्धे श्रोते झूमवर: वक्त्यांचा परिचय कसा करून द्यावा?

बकुळफूल

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाची व्याख्यानमाला असते. अलीकडे ती झूमवरही दाखवतात, कारण गावातली निम्मी पोरं पुण्या-मुंबईत आणि काही पार परदेशात. सभागृहात ऐंशीएक माणसं, झूमवर तीस-चाळीस. पुढच्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला बारवांवर व्याख्यान आहे आणि वक्त्या बाईंचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

व्यासपीठाची भीती नाही, शाळेत शिकवण्यात जन्म गेला. पण मागच्या व्याख्यानानंतर माझ्या भाच्यानं पुण्याहून जे सांगितलं त्यानं विचारात पडले. म्हणाला, "मावशी, परिचय झाला हे कळलंच नाही. कुणीतरी लांबून बोलत होतं. मग काहीतरी खरखरलं, बहुतेक टाळ्या. मग रिकामा पोडियम. मग एक गृहस्थ बोलायला लागले. ते कोण, हे आभार मानले तेव्हा समजलं." सभागृहात बसलेल्या आम्हाला मात्र तोच परिचय उत्तम झाला असं वाटलं होतं.

व्यवस्था अशी: पोडियमवर एक लवचिक मानेचा माइक, दोन कर्णे, तिसऱ्या रांगेपुढे टेबलावर लॅपटॉप. कॅमेरा त्याचाच, माइकही त्याचाच. माझा मसुदा खाली देते. निःसंकोच फाडा.

"सन्माननीय व्यासपीठ आणि समोर बसलेल्या माझ्या रसिक बंधू-भगिनींनो, शुभ संध्याकाळ. आज आपल्यात ज्या वक्त्या आहेत त्यांना परिचयाची गरज नाही. मागच्या फलकावर आपण वाचलंच असेल. त्यांचं शालेय शिक्षण याच गावी झालं. पुढे बी.ए., एम.ए., पीएच.डी. ..." (इथून पुढे पदव्या, पुरस्कार, शोधनिबंध, सदस्यत्व. वाचायला चार मिनिटं लागतात.) "... तर मी बाईंना विनंती करते की त्यांनी आपलं मनोगत व्यक्त करावं."

नाना_वाई

ताई, मसुद्यात मला तरी काही वावगं दिसत नाही. परिचय हा वक्त्याचा मान असतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, तेव्हा ना कर्णे होते ना झूम. माणूस उठायचा, खणखणीत बोलायचा, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. आता घरी सोफ्यावर लोळत ऐकणाऱ्यांसाठी आपण रीत बदलायची का? ज्याला नीट ऐकायचंय त्यानं यावं सभागृहात.

नवी_सुरुवात

छान विषय काढलात. माझीही पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे, तीन जण ऑफिसात बसणार आणि दोन जण ऑनलाइन. स्वतःचा परिचय करून देताना कॅमेऱ्याकडे बघायचं की समोरच्या माणसांकडे? आणि शिक्षणापासून सुरुवात करावी की अनुभवापासून?

बकुळफूल

@नवी_सुरुवात, हे दुसऱ्याचा परिचय करून देण्याबद्दल आहे, स्वतःचा नाही. पण तुमच्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढा, चांगली उत्तरं मिळतील. शुभेच्छा.

@नाना, सोफ्यावर लोळणाऱ्यांमध्ये पायानं अधू झालेले आमचे निवृत्त ग्रंथपालही आहेत हो.

मिक्सरवाला

ध्वनिव्यवस्थेचा धंदा आहे, लग्नांपासून परिसंवादांपर्यंत सगळं करतो. ताई, मसुद्याचं नंतर बघू. आधी भाच्याची तक्रार समजून घ्या, कारण तुम्ही कितीही सुंदर लिहिलंत तरी सध्याच्या मांडणीत त्याला ते ऐकू जाणारच नाही.

लॅपटॉप तुमचा आवाज ऐकत नाहीये, तो कर्ण्यांचा आवाज ऐकतोय. म्हणजे आधी तुमचा आवाज माइकमधून कर्ण्यात, तिथून भिंतींवर, छतावर, आणि मग लॅपटॉपच्या चिमुकल्या माइकमध्ये. सभागृहात बसलेल्या माणसाचे दोन कान आणि दोन डोळे मिळून ते घुमणं बाजूला सारतात, शिवाय तो तुमचे ओठ पाहत असतो. पलीकडे मात्र विहिरीतून कुणी बोलावं तसं पोचतं. पुढच्या रांगेतला खोकला तर तुमच्यापेक्षा मोठा.

दुसरी गोष्ट मी दर कार्यक्रमात बघतो आणि ती फक्त परिचय करून देणाऱ्याच्याच बाबतीत घडते. वक्ता श्रोत्यांकडे बघून बोलतो. परिचय करून देणारा दर दोन वाक्यांनी मान वळवून वक्त्याकडे बघतो, हसतो, "बाईंनी" म्हणताना तिकडे हात करतो. साहजिकच आहे, मानाची गोष्ट आहे. पण पोडियमचा माइक समोरून येणारा आवाज घेतो. तोंड वीतभर अंतरावर आहे तोवर ठीक, मान वळली की आवाज एकदम पडतो. छोट्या सभागृहात तुमचा मूळ आवाज तसाही पोचतो, म्हणून तिथे कुणालाच काही जाणवत नाही. झूमवाल्याकडे तेवढे शब्द गायब. आणि नेमके कुठले गायब? ज्या वाक्यात वक्त्याचं नाव आहे तेच, कारण नाव घेतानाच आपण त्यांच्याकडे वळतो.

म्हणून एकच करा. नाव घेताना माइकमध्ये बोला, वळून बघायचं ते नाव संपल्यावर.

सई_कोथरूड

@मिक्सरवाला, अगदी अगदी! मी नेहमी ऑनलाइन ऐकते आणि दर वेळी "आपल्यासमोर येत आहेत ड... म्ह..." असंच ऐकू येतं.

गॅजेटगुरू

एवढं काही अवघड नाही. एक जुना मोबाइल झूमला जोडा आणि पोडियमवर माइकशेजारी ठेवा. लॅपटॉपचा माइक बंद. झालं काम, खर्च शून्य. मिक्सरवाले उगाच घाबरवतात. :हलके घ्या:

मिक्सरवाला

घेतलं हलकेच. उपाय वाईट नाही, पैसे नसतील तर मीही हाच सांगतो. पण तुम्ही तो अर्धाच सांगितलात, आणि उरलेल्या अर्ध्यात कार्यक्रमाची फजिती होते.

झूमच्या नेहमीच्या दृश्यात जो बोलतो त्याचं चित्र मोठं होतं. आता आवाज मोबाइलमधून जातोय आणि चित्र लॅपटॉपमधून, म्हणजे झूमच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. तुम्ही बोलायला लागलात की ते मोबाइलचं चित्र मोठं करणार: कॅमेरा चालू असेल तर सभागृहाचा पंखा, बंद असेल तर काळी चौकट. पोडियमचं चित्र कोपऱ्यात. म्हणून यजमानानं सुरुवातीलाच लॅपटॉपच्या चित्रावर `Spotlight for Everyone` लावायचं, म्हणजे कुणीही बोललं तरी सगळ्यांना तेच मोठं दिसतं. `Pin` लावून भागत नाही, ते फक्त लावणाऱ्यालाच दिसतं.

लॅपटॉपचा नुसता माइक बंद करूनही पुरत नाही, त्याचा आवाज बाहेर येणंही बंद हवं. नाहीतर मोबाइलमधून गेलेलं तुमचं वाक्य लॅपटॉपमधून परत येईल आणि किंचाळी सुरू. सगळ्यात सोपं म्हणजे लॅपटॉपवर `Leave Computer Audio` करून टाका आणि मोबाइलचा आवाज तळाला न्या. मोबाइल विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा, कारण भर परिचयात फोन आला की झूमचा आवाज तुटतो. आणि फोन येतोच, तोही बहुतेक "कार्यक्रम सुरू झाला का" हे विचारायलाच.

साउंडवाल्याच्या मिक्सरला जादा आउटपुट असेल तर तिथून यूएसबीच्या छोट्या डबीतून थेट लॅपटॉपमध्ये घेणं हा खरा मार्ग. वायर मात्र आदल्या दिवशी मागून लावून बघा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात सरळ खुपसू नका. मिक्सरमधून येणारा आवाज तिथल्या माइकच्या मानानं फार जोरदार असतो, नुसता फाटका आवाज जाईल.

बकुळफूल

आमच्या साउंडवाल्याला फोन केला. म्हणे आउट आहे, पण वायर नाही आणि ती डबीही नाही. म्हणजे यंदा मोबाइलच. नात येणार आहे, ती यजमानपद सांभाळेल. आता मसुद्याकडे बघाल का?

जर्सीकर

मसुद्याआधी आमचा किस्सा सांगतो, कारण आमचं उलटं होतं. आमच्या मंडळात दीडशे माणसं हॉलमध्ये आणि वक्ते पुण्यात, त्यांच्या घरी. परिचय सुरू झाला तेव्हा मोठ्या पडद्यावर कोण? वक्ते. भिंतभर चेहरा. त्यांना वाटलं आपण अजून कुणाला दिसत नाही. इकडे आमचे चिटणीस "प्राचीन वाङ्मयाचे गाढे अभ्यासक" म्हणताहेत आणि तिकडे गाढे अभ्यासक बशीत चहा ओतून फुर्र करून पिताहेत. हॉल फुटला. चिटणिसांना कळेना आपण काय विनोद केला, वक्त्यांनाही कळेना. त्यात भर म्हणजे चिटणिसांचा आवाज त्यांच्याकडे दोनदा जात होता, मग ते मध्येच "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" करायला लागले. परिचय तिथेच संपला.

बाय द वे, तुमचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आमच्याकडे आत्ता उन्हाळ्यात सकाळचे नऊ. "शुभ संध्याकाळ" ऐकलं की आम्ही दात घासत असतो. नमस्कार पुरे.

मिक्सरवाला

@जर्सीकर, भारी. वक्ता पलीकडे असेल तेव्हा परिचय संपेपर्यंत पडद्यावर परिचय करून देणारा ठेवायचा आणि शेवटचं वाक्य आलं की वक्त्याचं चित्र मोठं करायचं. तुमच्या त्या "दोनदा" आवाजाचं कारण असं, की हॉलच्या कर्ण्यातून निघालेलं सगळं परत झूममध्ये जात होतं. वक्त्याकडे पाठवायच्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वजा करावा लागतो, म्हणजे माइक सगळे पाठवायचे आणि लॅपटॉपमधून आलेलं पाठवायचं नाही. झूम स्वतःही प्रतिध्वनी मारायचा प्रयत्न करतं, पण मोठ्या हॉलमध्ये त्याची दमछाक होते.

बकुळताई, मसुदा.

"परिचयाची गरज नाही" हे काढा. सभागृहात ते खरं असेलही, पण झूमवरच्या कुणाला असेल तर परिचयाचीच गरज आहे. "मागच्या फलकावर वाचलंच असेल" हेही काढा. तुमचा फ्लेक्स लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात रंगीत डाग दिसतो, मी पैज लावतो. "समोर बसलेल्या" म्हटलंत की चाळीस माणसं पहिल्याच वाक्यात बाहेर गेली.

आणि मुख्य म्हणजे नाव. आपल्याकडे नाव शेवटी, टाळ्यांच्या आधी घ्यायची पद्धत आहे. ती सभागृहात शोभते, तिथे फलक आहे आणि वक्ता समोर बसलाय. झूमवर माणसं पहिल्या दोन-तीन मिनिटांत एकेक करून उगवत असतात. म्हणून नाव आणि विषय पहिल्याच वाक्यात एकदा आणि अगदी शेवटच्या शब्दांत पुन्हा. मधली दोन मिनिटं कुणाची हुकली तरी चालेल अशी बांधणी हवी.

पहिल्या वाक्यानंतर तीन सेकंद थांबा. सभागृहाबाहेर व्हरांड्यात एकाला दुसऱ्या फोनवर इअरफोन लावून झूम ऐकत उभा करा, दारातून त्याचा अंगठा दिसला पाहिजे. अंगठा वर, तर पुढे चला. खाली, तर तिथेच थांबून दुरुस्त करा. वक्त्याचं व्याख्यान सुरू झाल्यावर कळण्यापेक्षा तुमच्या दुसऱ्या वाक्याला कळलेलं बरं.

पायरी

वर्षाकाठी बरीच व्याख्यानं देते, म्हणजे माझा परिचय फार वेळा झालाय. वक्त्याच्या बाजूनं सांगते. पदव्यांची यादी वाचली जाते तेव्हा मी कुठे बघावं हेच कळत नाही. सभागृहात निदान टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघता येतं. कॅमेऱ्याच्या चौकटीत असले तर तोंडावर ते ओशाळं हसू चार मिनिटं धरून ठेवायचं. तेव्हा ताई, वक्त्यांची खुर्ची चौकटीबाहेर ठेवा.

आणि कृपया व्याख्यानातला मुद्दा परिचयातच सांगून टाकू नका. एकदा माझं पहिलं उदाहरण परिचय करून देणाऱ्यानंच रंगवून सांगितलं होतं. बाईंना फोन करून विचारा, "तुम्ही सुरुवात कशानं करणार?" म्हणजे ते सोडून बोलता येईल. नावाचा उच्चार कसा, "डॉ." लावायचं की नाही, माहेरचं नाव चालेल का, हेही त्याच फोनवर.

नाना_वाई

म्हणजे पुरस्कार, ग्रंथसंपदा, काहीच सांगायचं नाही? आयुष्यभराची तपश्चर्या दोन मिनिटांत उरकायची? मला नाही पटत.

सई_कोथरूड

नाना, सगळं सांगा पण लिहून. सभागृहात खुर्चीवर छापील पत्रक, झूमवर चॅटमध्ये तोच मजकूर. मला तर ते जास्त आवडतं, पुस्तकांची नावं तिथून उतरवून घेता येतात. फक्त चॅटमध्ये दोन-तीनदा टाका. उशिरा आलेल्याला आधीचं चॅट सहसा दिसत नाही.

नाना_वाई

पत्रक चालेल. पण निदान एक मोठा पुरस्कार तोंडी आलाच पाहिजे.

बकुळफूल

बाईंशी बोलले. त्या सुरुवात लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीनं करणार आहेत, म्हणजे माझं पहिलं उदाहरण गेलंच. :) नवा मसुदा:

"नमस्कार. वाचनालयाच्या सभागृहात आलेल्या आणि आपापल्या घरून ऐकणाऱ्या सर्वांचं स्वागत. आज डॉ. अमुक अमुक गावोगावच्या बारवांबद्दल बोलणार आहेत. (थांबा. अंगठा.)

आपल्या बसस्टँडच्या मागचा खड्डा सगळ्यांना माहीत आहे. आपण तिथे नारळाच्या करवंट्या आणि गणपतीतलं निर्माल्य टाकत आलो. चार वर्षांपूर्वी बाई टेप घेऊन त्या खड्ड्यात उतरल्या. कचऱ्याखाली पायऱ्या लागल्या, पायऱ्यांच्या बाजूला देवकोष्ठं लागली. तेव्हा आपल्याला कळलं की आपण इतकी वर्षं बारवेत कचरा टाकत होतो. अशा कित्येक बारवा बाईंनी एकटीनं मोजल्या आहेत, त्यांचे नकाशे काढले आहेत, आणि त्या कामासाठी त्यांना राज्य पातळीवरचा पुरस्कार मिळाला आहे. त्यांच्या पुस्तकांची यादी पत्रकात आणि चॅटमध्ये आहे.

बारव बांधणाऱ्यानं ती नेमकी तिथेच का बांधली, आणि ती पुन्हा भरेल का, हे आज त्या सांगणार आहेत. डॉ. अमुक अमुक."

घड्याळ लावून वाचलं, सव्वा मिनिट. नाना, पुरस्कार घातलाय बघा.

नाना_वाई

घातलात हे चांगलं केलंत. पण शेवट फार तुटक आहे. नुसतं नाव घेऊन गप्प? विनंती नाही, काही नाही?

पायरी

मला शेवट आवडला. "मी विनंती करते की त्यांनी..." म्हटलं की टाळ्या नावावर पडत नाहीत, "व्यक्त करावं" वर पडतात. नाव शेवटचं असलं की लोकांना आपोआप कळतं कधी टाळ्या वाजवायच्या.

जर्सीकर

"आपल्या बसस्टँडच्या मागचा खड्डा सगळ्यांना माहीत आहे" यातले "सगळे" म्हणजे तुमच्या गावचे. आमच्यासारख्याला वाटणार, चुकीच्या कार्यक्रमात घुसलो.

मिक्सरवाला

बरोबर. पण तो खड्डा काढू नका, तोच या परिचयाचा जीव आहे. अर्धं वाक्य जोडा: "आमच्या गावात बसस्टँडच्या मागे एक मोठा चौकोनी खड्डा आहे. इथे बसलेल्यांना तो माहीत आहे." मग इथले माना डोलावतील आणि तिथल्यांना चित्र दिसेल. दोघांची सोय झाली.

शेवटचं नाव हे तुमच्या नातीसाठीही खूण आहे. मसुद्याची प्रत तिला द्या आणि त्यावर लाल पेनानं लिहा: नाव आलं की चॅटमध्ये यादी टाकायची आणि लॅपटॉपचं झूमवरचं नाव बदलायचं. आत्ता ते काय आहे? बहुतेक `Admin` किंवा लॅपटॉपच्या कंपनीचं नाव असेल. `Rename` करून तिथे बाईंचं नाव टाका. मग उशिरा येणाऱ्याला चित्राखाली नाव दिसत राहील, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि नाव घेऊन लगेच पळू नका. बाई खुर्चीतून उठून पोडियमपर्यंत यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तोवर तुम्ही निघून गेलात की झूमवर रिकामा पोडियम आणि शांतता, म्हणजे संपर्क तुटल्यासारखंच, आणि माणसं बाहेर पडून परत आत यायला लागतात. भाच्यानं तेच सांगितलं ना? बाई पोचेपर्यंत टाळ्या वाजवत तिथेच उभ्या राहा. त्यांच्या उंचीला माइक वळवून द्या, मग बाजूला व्हा.

गॅजेटगुरू

यूट्यूब लाइव्ह का नाही करत? झूमच्या फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांनी बैठक बंद पडते. दीपप्रज्वलन, सत्कार, परिचय यातच पंचवीस मिनिटं जातात. वक्ता रंगात आला की पडदा पडणार.

बकुळफूल

खातं वाचनालयाचं सशुल्क आहे, मागच्या वर्षी तसंच झालं होतं म्हणून घेतलं.

मिक्सरवाला

चाळीस मिनिटांचं बरोबर बोललात. यूट्यूब ऐकायला चांगलं, पण तिथे आवाज पोचायला वीसेक सेकंद सहज लागतात. "ऑनलाइन मंडळी, आवाज येतोय का, चॅटमध्ये लिहा" असं पोडियमवरून विचारलं तर उत्तर येईपर्यंत अर्धं मिनिट तुम्ही मख्खासारख्या उभ्या. झूमवर तो उशीर जाणवण्याइतका नसतो. कुठेही करा, तो प्रश्न पोडियमवरून विचारूच नका, त्यासाठी व्हरांड्यातला माणूस आहे.

तिरफळ

म्हापशाहून. आमच्याकडे परिचय आधी रेकॉर्ड करून पडद्यावर दाखवतात, दोघांनाही सारखाच दिसतो. वेळही पाळली जाते. यात काय वाईट?

पायरी

वाईट काही नाही, पण मी सभागृहात समोर बसलेली असताना माझ्याबद्दल पडदा बोलतो हे मला तरी विचित्र वाटतं. टाळ्यासुद्धा पडद्याला मिळतात.

मिक्सरवाला

रेकॉर्ड केलेलं दाखवायचं तर शेअर करताना `Share sound` वर टिचकी मारायला विसरू नका. विसरलं की सभागृहात आवाज आणि झूमवर मूकपट.

बकुळफूल

कार्यक्रम झाला, सांगते.

पहिल्या वाक्यानंतर थांबले, तर व्हरांड्यातल्या पोराचा अंगठा खाली! मोबाइल पोडियमवर उताणा ठेवला होता आणि पत्रकांचा गठ्ठा त्याच्यावर. नातीनं येऊन गठ्ठा उचलला, अंगठा वर. ते पहिलं वाक्य मी पुन्हा म्हटलं, सभागृहाला काही खटकलं नाही. भाचा म्हणाला या वेळी प्रत्येक शब्द कळला. नाव घेताना मान न वळवणं फार अवघड गेलं, हात पोडियमला धरून ठेवले तेव्हा जमलं.

दोन गोष्टी फसल्या. अध्यक्षांनी परिचयाच्या आधी शाल-श्रीफळाचा कार्यक्रम केला, तेव्हा चार कार्यकर्ते कॅमेऱ्यापुढे उभे. झूमवर तीन मिनिटं नुसत्या पाठी. आणि टाळ्या. सभागृहात कडकडाट, पण भाचा म्हणे नावानंतर नुसतं खुडखुड आणि शांतता. बाईंसारख्या माणसाला टाळ्याच नाहीत असं वाटलं त्याला.

मिक्सरवाला

अंगठा कामी आला तर. सत्काराच्या वेळी सूत्रसंचालकानं बोलत राहायचं: "आता अध्यक्ष बाईंना शाल देत आहेत." आणि कार्यकर्त्यांनी बाजूनं यायचं, हे आधी पटवावं लागतं.

टाळ्या झूम मारतं. त्याला तो गोंगाट वाटतो. `Original sound for musicians` चालू केलं तर टाळ्या जातील, पण पंखेही जातील आणि मुलांचं रडणंही. माझ्याकडे मिक्सर असतो तेव्हा मी एक माइक श्रोत्यांच्या दिशेनं लावतो, तो फक्त झूमकडे पाठवतो, हॉलच्या कर्ण्यात नाही, आणि टाळ्यांपुरता उघडतो. तुमच्या मोबाइलच्या मांडणीत ते जमणार नाही.

सई_कोथरूड

झूमवाल्यांनाच टाळ्यांच्या चिन्हाचं बटण दाबायला सांगायचं ना! चाळीस हात हलताना दिसतात.

पायरी

दिसतात झूमवाल्यांना. पोडियमवर उभं असलेल्या मला कुठे दिसतात? लॅपटॉपचा पडदा फार लांब असतो.

नाना_वाई

मी या वेळी मुद्दाम झूमवरून ऐकलं, गुडघा दुखत होता म्हणून. परिचय स्वच्छ ऐकू आला. पण सत्काराच्या वेळी आमच्या अध्यक्षांची पाठ फारच वेळ पाहावी लागली. आणि पुरस्काराचं नाव सांगायला हवं होतं.

जर्सीकर

@मिक्सरवाला, तो टाळ्यांचा माइक वक्ता पलीकडे असताना चालतो का? आमच्या वक्त्यांना हॉलच्या टाळ्या ऐकवायच्या आहेत.

मिक्सरवाला

चालतो, पण त्याच माइकमध्ये कर्ण्यातून वक्त्याचा आवाजही शिरतो. म्हणून परिचय संपताना उघडायचा आणि वक्त्यानं तोंड उघडायच्या आत बंद करायचा. त्या फेडरवर एक माणूस कायम बसवावा लागतो, आणि तो दुसरं काही करत नसेल तरच हे जमतं.